वीस हजार वाचवले आणि साडेतीन लाखांना मुकले : परदेशी मानधनाच्या ‘एजंट’चा अनुभव

हा अनुभव लिहिताना मला लाज वाटते आहे. तरीही लिहिते, कारण जी व्यक्ती मला भेटली तिच्यासारख्या व्यक्ती आजही परदेशी ग्राहकांसाठी घरून काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये ‘शून्य चार्जेस, गूगलचा रेट, त्याच दिवशी पैसे’ असे संदेश टाकत आहेत. माझे १,९५,२२७ रुपये बुडाले, त्यावर वस्तू व सेवा कराचे १,६०,४३६ रुपये आणि वेगळे व्याज भरावे लागले आणि ४८,००० रुपये माझ्याच खात्यात अडकून पडले आहेत.

मी कोल्हापुरात राहून अमेरिकेतील एका छोट्या कंपनीसाठी संकेतस्थळे तयार करण्याचे काम करते. दरमहा १,५०० डॉलरचे बिल असते. सुरुवातीला पैसे थेट माझ्या बँकेत स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून येत, आणि त्यातून किती रक्कम गळते हे ज्यांनी भोगले आहे त्यांनाच माझा त्या वेळचा राग समजेल. नोव्हेंबर २०२३ चा हिशोब सांगते. बाजारात डॉलरचा भाव ८३ रुपये ३० पैसे होता, म्हणजे १,५०० डॉलरचे १,२४,९५० रुपये व्हायला हवे होते. मधल्या बँकेने २५ डॉलर परस्पर कापले. उरलेल्या १,४७५ डॉलरना माझ्या बँकेने ८१ रुपये ८० पैसे दर लावला. त्यानंतर २५० रुपये शुल्क, त्यावर ४५ रुपये जीएसटी, आणि चलन बदलल्याबद्दलचा वेगळा जीएसटी सुमारे १९९ रुपये. हातात १,२०,१६१ रुपये आले. एका बिलामागे ४,७८९ रुपये गेले, आणि त्यातला सर्वांत मोठा तुकडा शुल्काच्या रकान्यात दिसतच नाही, तो त्या दीड रुपयाच्या फरकात लपलेला असतो. शाखेत विचारले तेव्हा ‘रेट वरून येतो’ एवढेच उत्तर मिळाले. हा दर मागून घेता येतो, बँकेच्या परकीय चलन विभागाशी आधी बोलून ठरवता येतो, हे मला त्या दिवशी कोणी सांगितले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

पुण्यातील एका ओळखीच्या डिझायनरने मला त्या एजंटचा क्रमांक दिला. त्या डिझायनरचे स्वतःचे पैसे आठ महिने व्यवस्थित येत होते, म्हणून मी विश्वास ठेवला. मी आंधळेपणाने उडी मारली असे कोणी म्हणू नये. योजना सोपी होती. अमेरिकेतील एका कंपनीच्या नावाचे खाते मी माझ्या बिलावर छापायचे, ग्राहकाने त्या खात्यात देशांतर्गत हस्तांतराने डॉलर भरायचे, आणि एजंट अर्धा टक्का कापून मला इथे रुपये द्यायचा. १,५०० डॉलरचे १,२४,३२५ रुपये मिळत, म्हणजे बँकेपेक्षा ४,१६४ रुपये जास्त. पाच बिले अशी आली आणि माझे २०,८२० रुपये वाचले. ग्राहकालाही परदेशी पैसे पाठवण्याचे शुल्क वाचल्याचा आनंद होता.

परदेशी ग्राहकाला त्याच्या देशातले खाते देणे यात स्वतःहून काहीच गैर नाही. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत काम करणाऱ्या सेवाही तेच करतात आणि त्यांचेही पैसे शेवटी रुपयांतच जमा होतात. मात्र तिथे आपला पॅन घेतला जातो, प्रत्येक रकमेमागे बिल मागितले जाते, पैसे कशाबद्दल आले याचा संकेतांक विचारला जातो आणि शेवटी बँकेचा एफआयआरए मिळतो, म्हणजे परकीय चलन आपल्या नावे देशात आल्याचा दाखला. माझ्या एजंटने यातले काहीही मागितले नाही, आणि मी त्याला सोय समजले. कोणी तुमची कागदपत्रे मागत नसेल तर तुमचा व्यवहार कुठेच नोंदला जात नाही, हे ओळखा.

आता त्या क्षणाबद्दल सांगते, जो मला आजही रात्री झोपू देत नाही.

माझे वडील सहकारी बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि अजूनही घरातली सगळी पासबुके तेच भरून आणतात. जानेवारीत ते पासबुक घेऊन माझ्या टेबलापाशी आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘अगं, तुझी कंपनी अमेरिकेची ना? मग हे कुठल्या ट्रेडर्सचं नाव आलंय? आणि त्याच्या खाली हा वेगळाच माणूस?’’ एकाच बिलाचे पैसे ६०,००० आणि ६४,३२५ अशा दोन तुकड्यांत, आयएमपीएसने, दोन वेगवेगळ्या अनोळखी खात्यांतून आले होते. आदल्या महिन्यात तिसरेच नाव होते. मी म्हणाले, ‘‘बाबा, हल्ली असंच असतं, त्यांचे पार्टनर असतात.’’ त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि पासबुक मिटले. चाळीस वर्षे लेजर लिहिलेल्या माणसाने एका ओळीत पकडलेली गोष्ट मी चार हजार रुपयांसाठी उडवून लावली.

दुसरी संधीही मी घालवली. फेब्रुवारीत मी एजंटकडे एफआयआरए मागितला. त्याने एक पीडीएफ पाठवली. त्यात संकेतांक P1301 होता, जो अनिवासी भारतीयांनी कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठवलेल्या पैशांसाठी असतो. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी माझी बँक नेहमी P0802 लावत असे. पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या ग्राहकाचे नावही नव्हते. मी विचारले, तर ‘सिस्टीममध्ये तसंच येतं मॅडम, चालतं’ असे उत्तर आले, आणि मी ते चालवून घेतले. दाखला हातात आला की तीन गोष्टी पाहा : पाठवणारा तुमचाच ग्राहक आहे का, रक्कम परकीय चलनात लिहिली आहे का, आणि संकेतांक तुमच्या कामाचा आहे का. एक जरी चुकले तरी तो कागद निरुपयोगी आहे.

एप्रिल २०२४ मध्ये एका मोठ्या कामाचे ३,२०० डॉलरचे बिल होते. अर्धा टक्का वजा जाता २,६५,२२७ रुपये यायला हवे होते. आधी ४८,००० आले, मग २२,००० आले, मग ‘खात्याला लिमिट आहे’ असे सांगण्यात आले, मग फोन बंद झाला. ग्राहकाला कळवले तर त्याने भरणा केल्याची पावती पाठवली आणि सभ्यपणे लिहिले की बिलावर जे खाते होते त्यातच त्याने पैसे भरले आहेत. त्याचे खरे होते. ते बिल मीच छापले होते.

नऊ दिवसांनी माझे खाते गोठले. त्या ४८,००० रुपयांबद्दल परराज्यातील एका व्यक्तीने सायबर फसवणुकीची तक्रार केली होती. म्हणजे एजंट माझे डॉलर तिकडे ठेवून घेत होता आणि इथे दुसऱ्या कोणालातरी लुबाडून आलेले रुपये माझ्या खात्यात ढकलत होता. माझी फसवणूक होत होती आणि त्याच वेळी माझे खाते दुसऱ्याच्या फसवणुकीचा मार्ग बनले होते. वादग्रस्त रक्कम ४८,००० असताना बँकेने सुरुवातीला संपूर्ण खातेच अडवले, आणि माझा १८,४०० रुपयांचा गृहकर्जाचा हप्ता परत गेला.

यानंतर मी ज्या दारांत उभी राहिले त्यांबद्दल मला संताप आहे आणि तो मी लपवणार नाही. शाखेत सांगितले, पोलिसांकडे जा. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावला, तर माझ्या खात्यातून पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक मागितला. माझ्या खात्यातून काही गेलेच नव्हते, जे यायचे ते आले नव्हते, आणि या प्रकाराची नोंद कशी करायची हे समोरच्याला सांगता येईना. सायबर पोलीस ठाण्यात दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी मला सांगण्यात आले की पैसे अमेरिकेत भरले गेले, भरणारा अमेरिकेचा, त्यामुळे हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला, तोही एजंट नियंत्रित संस्था नसल्यामुळे बंद झाला. ते नियमाने बरोबर असेल, पण बँकेने पूर्ण खाते अडवल्याच्या तक्रारीसाठी आधी बँकेलाच लेखी देऊन ३० दिवस थांबावे लागते, हे मला पहिल्या दिवशी शाखेतील कोणीही सांगितले नाही. त्यात माझा महिना वाया गेला. लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलण्याला कुठेही किंमत नाही. पूर्ण खाते नव्हे तर फक्त वादग्रस्त रक्कम अडवावी असे पत्र मी दिले, तेव्हा सात आठवड्यांनी बाकीचे खाते मोकळे झाले. ज्या ठाण्याने ते अडवले तिथल्या तपास अधिकाऱ्याचे ना-हरकत पत्र आल्याशिवाय उरलेली रक्कम सुटणार नाही, असे मला सांगण्यात आले. मी बिले, ग्राहकाच्या पावत्या आणि एजंटशी झालेले सगळे संभाषण पाठवले आहे. दूरध्वनी उचलला जात नाही.

सगळ्यांत मोठा धक्का माझ्या सनदी लेखापालांनी दिला. एका भारतीय ग्राहकामुळे मी जीएसटी नोंदणी घेतलेली आहे आणि परदेशी कामावर कर न भरता बिल देता यावे म्हणून दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र भरते. ती सवलत सेवेची निर्यात असेल तरच मिळते, आणि निर्यात ठरण्यासाठी मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या रुपयांत यावा लागतो. अनोळखी खात्यांतून आलेले रुपये त्यात बसत नाहीत. बिलाच्या तारखेपासून वर्षाच्या आत असा मोबदला आला नाही तर करही भरायचा आणि व्याजही. पाच बिलांच्या ६,२४,७५० रुपयांवर १,१२,४५५ आणि सहाव्या, बुडालेल्या बिलावर ४७,९८१ रुपये. जे पैसे मला मिळालेच नाहीत त्यांच्यावरही मी कर भरला. शिवाय परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीच्या फेमा कायद्याच्या कलम ३ नुसार परदेशस्थाच्या वतीने आलेले पैसे अधिकृत व्यक्तीखेरीज कोणाकडूनही घेता येत नाहीत. म्हणजे पोलिसांपुढे तक्रारदार म्हणून उभी राहताना मी स्वतःही दोषी ठरू शकते, हे मला तक्रार दिल्यानंतर कळले.

आता पैसे पुन्हा थेट बँकेत येतात. ग्राहकाला सर्व शुल्क त्याच्याकडे ठेवण्याचा, म्हणजे ‘OUR’ हा पर्याय निवडायला सांगितले आणि त्यासाठी माझा दर थोडा कमी केला. पैसे येणार असतील त्या दिवशी सकाळी परकीय चलन विभागाला ईमेल करून दर मागते. बाजारभावापासूनचा फरक दीड रुपयावरून ६० पैशांवर आला आहे, म्हणजे १,५०० डॉलरमागे १,३५० रुपये केवळ विचारल्यामुळे वाचतात. प्रत्येक रकमेचा एफआयआरए त्याच आठवड्यात मागून बिलाला जोडून ठेवते. पासबुक बाबाच भरून आणतात, आणि त्यात ४८,००० रुपयांवरचा बोजा अजून तसाच आहे.