छताखाली काय घालायचं: सेल्युलोज, लोकर, कॉर्क की हेम्प?

जुन्या सोसायटीत शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री अकरालाही पंख्याचा वारा गरम लागतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो. फॉल्स सीलिंग करायचंच आहे, तर त्यावर एखादं नैसर्गिक इन्सुलेशन घालून घेऊ, असा विचार तिथून सुरू होतो. उष्णता अडवण्यात चारही पर्याय जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. निवड ठरते ती ओल आणि आग या दोन गोष्टींवर. मुंबईत या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण आगीपासूनचं संरक्षण बऱ्याचदा पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांवर उभं असतं.

आधी ओल. या वस्तूंची माहितीपत्रकं थंड देशांसाठी लिहिलेली असतात. तिथे घर आतून उबदार असतं आणि वाफ आतून बाहेर जाते, म्हणून खोलीच्या बाजूला प्लास्टिकचा कागद लावायला सांगतात. आपल्याकडे हे उलटं आहे. जुलैत बाहेर 29 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर दव पडायला 26 अंशांच्या आसपासचा पृष्ठभाग पुरतो. एसी 24 वर असेल तर जिप्सम बोर्ड त्याहून थंड असतो. बाहेरची हवा सीलिंगच्या वरच्या पोकळीत शिरत असेल, तर दव बोर्डाच्या वरच्या अंगाला धरतं. तिथे प्लास्टिक घातलंत तर पाणी त्याच्या पाठीवर साचेल. म्हणजे माहितीपत्रकातलं ते वाक्य इथे थेट नुकसान करतं.

‘ओलावा शोषून पुन्हा सोडतं’ हा दावा खरा आहे, पण त्याला मुदत आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा घेऊनही हाताला ओली लागत नाही. मात्र हे काम काही तासांच्या किंवा दिवसांच्या चढउतारासाठी आहे. पावसाळाभर हवा दमट राहिली की कोणताही तंतू हवेशी जुळेल इतका ओला होऊन थांबतो. त्यानंतर प्रश्न एवढाच उरतो की त्या ओलीत त्याला बुरशी लागते का.

आता आग. सेल्युलोज म्हणजे बारीक केलेला रद्दी कागद. तो सुरक्षित होतो तो बोरिक अॅसिड आणि बोरॅक्समुळे. दोघांचं काम वेगळं आहे: बोरॅक्स ज्वाळा पसरू देत नाही आणि बोरिक अॅसिड आतल्या आत धुमसणं रोखतं. म्हणून दोन्ही हवेत. दोन्ही पाण्यात विरघळतात, थंड पाण्यातही लिटरला सुमारे 50 ग्रॅम. नुसत्या दमट हवेने ते वाहून जात नाहीत, गळतीने जातात.

एक खोली धरू: साडेदहा चौरस मीटर, वर गच्ची. बोर्डावर 10 सेंटिमीटर सुटं सेल्युलोज पसरलं तर साधारण 37 किलो माल लागेल. त्यात 15 टक्के क्षार धरले तर साडेपाच किलो. गळती खोलीभर नसते, एका चौरस मीटरवर ठिबकते. तेवढ्या भागात साडेतीन किलो माल आणि अर्धा किलो क्षार असतील. म्हणजे सावकाश झिरपलेलं एक बादलीभर पाणी हिशेबाने ते सगळे क्षार नेऊ शकतं. उरतो तो वाळल्यावर पेटणारा कागद, आणि तोही नेमका विजेच्या वायरी असतात तिथे. खालून बोर्डावर फक्त डाग दिसतो. रंगारी पुट्टी मारून तो झाकतो आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटतं.

काही स्वस्त सेल्युलोजमध्ये या दोन क्षारांऐवजी, म्हणजे बोरेटऐवजी, अमोनियम सल्फेट असतं. ओल लागली की त्याला अमोनियाचा वास येतो आणि सीलिंगची जीआय चॅनलं गंजू लागतात. घेताना ‘फक्त बोरेट’ असं लेखी मागा.

लोकरीचं गणित वेगळं. ती 570 ते 600 अंशांच्या आसपास पेट घेते आणि ज्योत हटवली की सहसा विझते, कारण हा गुण तिच्या नायट्रोजनमध्ये आणि ओलाव्यात आहे. लोकरीलाही बोरॅक्स लावतात, पण मुख्यतः कसरीसाठी. गळतीत तो गेला तर कसर लागेल, पण लोकर कागदासारखी पेटाऊ होणार नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. दोन अटी मात्र आहेत: पट्ट्यांत पॉलिएस्टर किती मिसळलंय ते विचारा (ते वितळतं), आणि पावसाळ्यात हलका मेंढीचा वास येईल हे मान्य करा. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर आपल्याच राज्यात आहे आणि तिला भाव मिळत नाही. पण न धुतलेली, प्रक्रिया न केलेली लोकर थेट छतात भरू नका.

हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या, तंतूंच्या पट्ट्या मला या कामासाठी पटत नाहीत. त्या वनस्पतिजन्य आहेत, त्यामुळे ओलीत बुरशीला खाद्य होतात. आगीसाठी त्यांतही सोडा किंवा अमोनियम फॉस्फेटसारखे विरघळणारे क्षार असतात. हेम्प आणि चुन्याचं मिश्रण ही वेगळी वस्तू आहे: चुना बुरशीला रोखतो आणि आगही सांभाळतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे अंश सापडल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे कल्पना नवी नाही. पण घनमीटरला 300 किलोच्या घरातलं हे वजन फॉल्स सीलिंगवर नको. पश्चिमेच्या भिंतीला आतून लावायला ते ठीक, आणि काम ऑक्टोबरनंतरच काढा, कारण ते वाळायला महिने लागतात.

कॉर्क राहिला. वाफेने फुगवलेला काळा कॉर्क स्वतःच्याच राळेने चिकटतो. त्यात वेगळा क्षार नसतो, त्यामुळे धुऊन जाण्यासारखं काही नाही. पाणी तो फारच कमी घेतो. पण तो जळतो: युरोपीय वर्गवारीत ‘ई’, म्हणजे लहान ज्योतीच्या परीक्षेत जेमतेम पास. सावकाश कोळसतो, धूरही होतो. म्हणून उघडा ठेवायचा नाही, खाली जिप्सम बोर्ड किंवा गिलावा हवाच. माल पोर्तुगालहून येतो, त्यामुळे चौघांत महाग.

त्याचा खरा फायदा जागेचा आहे. सुटं सेल्युलोज बोर्डावरच पसरावं लागतं, म्हणजे जिथे दव धरतं तिथेच. कॉर्क स्लॅबला खालून चिकटवता येतो, मग दमट बाजूला उबदार स्लॅबच राहतो. त्याबरोबर एसीच्या पाइपची भोकं आणि खिडकीवरच्या फटी बुजवल्या की पोकळीत खोलीचीच कोरडी हवा राहते. 50 मिलिमीटर कॉर्कचं वजन या खोलीत 58 किलोच्या आसपास होतं, त्यामुळे नुसत्या चिकटवण्यावर विसंबू नका, पकडीला फास्टनर मारून घ्या.

पण चिकटवलेला कॉर्क गळती लपवतो. म्हणून आधी गच्चीवर पाँडिंग टेस्ट करा: आउटलेट बंद करून दोन दिवस पाणी उभं ठेवा आणि स्लॅब खालून पाहा. ओल आली तर आधी वॉटरप्रूफिंग. सोसायटी गच्चीचं काम काढणारच असेल, तर कॉर्क वरून घालण्याची परवानगी मागा. ब्रिकबॅट कोब्याच्या थरांत तो गेला की खोलीतल्या आगीचा संबंधही उरत नाही आणि स्लॅब तापायचाच थांबतो. माझी पहिली पसंती तीच.

परवानगी मिळाली नाही आणि पाँडिंग टेस्ट पास झाली, तर खालून कॉर्क. बजेट नसेल तर जाळीने स्लॅबला धरून ठेवलेली लोकर. सेल्युलोज मी गच्चीखाली वापरणार नाही. दोन खोल्यांमधल्या कोरड्या पार्टिशनमध्ये आवाज अडवायला मात्र खुशाल वापरा.

तरीही ते छतात आधीच भरलेलं असेल, तर पावसाळा संपल्यावर डागाच्या वरचा चिमूटभर माल काढून पूर्ण वाळवा. बाल्कनीत, स्टीलच्या ताटलीत, चिमट्याने धरून त्याला लायटर लावा. ज्योत हटवल्यावर तो काळा पडून विझला तर क्षार शाबूत आहेत. लाल धग पसरत राहिली, तर तेवढा भाग काढून टाकायला इलेक्ट्रिशियनलाही सोबत बोलवा, कारण त्याच जागेच्या वायरीचे जोड आणि लाइटचे ड्रायव्हर तपासायची हीच वेळ आहे.