टाइप करून दुरुस्ती की बिलावर बोट ठेवून?

खरेदीची बिलं स्कॅन करून त्यातले आकडे आपोआप उचलणारी यंत्रणा बसवताना बहुतेकांची चर्चा मॉडेलवर अडकते. माझ्या मते आधी ठरवायचं ते तपासणाऱ्याच्या स्क्रीनचं. तिथे दोन पर्याय आहेत: चुकलेल्या रकान्यात तो बरोबर आकडा टाइप करतो, किंवा डावीकडे दिसणाऱ्या बिलावर त्या आकड्याभोवती चौकट ओढतो.

टाइप करणं झटपट होतं. एन्ट्रीला सरावलेली मुलं उजव्या हाताने आकडे मारतात आणि टॅबने पुढे जातात. माऊसला हात लावायला लावला की ती वैतागतात, आणि ते रास्तच आहे. स्क्रीन बांधायलाही सोपी. उणीव वेगळीच आहे: बरोबर आकडा कळतो, पण तो बिलावर कुठे होता हे कळत नाही.

समजा लोखंडी सळ्यांचं बिल आहे. माल एकच, किंमत 1,00,000, जीएसटी 18 टक्के, एकूण 1,18,000. यंत्रणेने करपात्र रकमेत एकूण रक्कम उचलली. तपासणाऱ्याने 1,00,000 टाइप केलं. आता हा आकडा बिलावर दोनदा आहे, एकदा मालाच्या ओळीत आणि एकदा खालच्या बेरजेत. यंत्रणेने मालाची ओळ धरली, तर त्याच व्यापाऱ्याच्या पुढच्या बिलात तीन माल आले की पहिल्या मालाची किंमतच करपात्र रक्कम होणार. म्हणजे दुरुस्तीनेच नवी चूक शिकवली.

चौकट ओढली तर ही शंका उरत नाही. शिवाय दुरुस्तीचं कारणही आपोआप कळतं. नवी चौकट जुन्याच जागी असेल तर अक्षर चुकीचं वाचलं गेलं, जागा वेगळी असेल तर भलताच आकडा उचलला. आणि चौकट ओढायला जागाच नसेल, तर तपासणाऱ्याने बिलावर नसलेलं काहीतरी घातलंय, उदाहरणार्थ पार्टीच्या नावाऐवजी आपल्या वहीतलं खात्याचं नाव. ही तिसऱ्या प्रकारची दुरुस्ती वाचनाच्या शिकवणीत जाता कामा नये. ती नावांच्या जोड्यांच्या यादीत जावी.

मी स्वतः मधला मार्ग घेतो. टाइप करू द्यायचं आणि तो आकडा यंत्रणेने बिलावर शोधायचा. एकाच जागी सापडला तर चौकट दाखवून एन्टरवर पुढे जायचं. एकापेक्षा जास्त जागी सापडला, तरच क्लिक मागायची. तारखा आणि स्वल्पविराम मात्र सारख्या रूपात आणून मग शोधा, नाहीतर ‘12-Apr-25’ आणि ‘12/04/2025’ जुळणारच नाहीत. साठवायचं ते एवढं:

```
{"field": "taxable_value",
 "seen": "118000", "fixed": "100000",
 "old_box": [410, 902, 498, 924],
 "new_box": [410, 806, 498, 828]}
```

आता या दुरुस्त्या परत कशा घालायच्या? इथेही दोन वाटा आहेत. पहिली व्यापारीनिहाय आठवणीची: विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकाखाली ‘करपात्र रक्कम या शब्दांच्या उजवीकडे’ असं टिपून ठेवायचं. बिलाचे फोटो तिरके-वाकडे येतात, म्हणून जागा पानावरच्या मापाने न धरता शेजारच्या शब्दावरून धरा. फायदा पुढच्याच बिलापासून दिसतो. पण व्यापाऱ्याने बिलाचं सॉफ्टवेअर बदललं की जुनी आठवण बिनबोभाट चुकायला लागते. म्हणून दोन सारख्या दुरुस्त्या झाल्याशिवाय आठवण लागू करू नका, आणि लागू झाल्यावर पुन्हा दुरुस्ती आली तर ती आठवण तिथेच थांबवा.

या वाटेवरचा खड्डा म्हणजे बिलावर जीएसटी क्रमांक दोन असतात, विक्रेत्याचा आणि आपला. आपला क्रमांक विक्रेत्याचा म्हणून उचलला गेला की भिन्न व्यापाऱ्यांच्या आठवणी एकाच कप्प्यात कोंबल्या जातात. पंधरावं तपासणी-अक्षर इथे उपयोगाचं नाही, कारण क्रमांक खराच असतो. स्वतःचा क्रमांक विक्रेत्याच्या रकान्यात नाकारायचा, एवढाच उपाय.

दुसरी वाट मॉडेल पुन्हा शिकवण्याची. तिचा लाभ कधीच न पाहिलेल्या व्यापाऱ्यांच्या बिलांनाही होतो, पण दुरुस्त्यांचा साठा व्हावा लागतो आणि शिकवणीत कधीच न घातलेली बिलं परीक्षेसाठी बाजूला ठेवावी लागतात. महिन्याला मोजकेच, नेहमीचे पुरवठादार असतील तर या वाटेला जाऊच नका. दर आठवड्याला नवे व्यापारी येत असतील, तर आठवणीने सुरुवात करून दुरुस्त्या साठवत राहा.

दुसऱ्या वाटेने जाणार असाल तर स्क्रीनवर एक फरक आत्ताच करा. न बघता ‘सेव्ह’ दाबलेला रकाना आणि पाहून मान्य केलेला रकाना वेगळे नोंदवा. फक्त शंकास्पद रकाने दाखवत असाल, तर ठामपणे चुकलेले आकडे कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत आणि शिकवणीत ते ‘बरोबर’ म्हणून जातात. मी दर वीस बिलांमागे एक, चिठ्ठी काढल्यासारखं, सगळे रकाने उघडे करून पूर्ण तपासायला पाठवतो. त्यातल्याच काही बिलांत मुद्दाम एक आकडा बदलून ठेवतो. तो किती वेळा पकडला जातो, यावरून बाकीच्या एन्टरवर किती भरवसा ठेवायचा ते ठरतं. बदललेला आकडा अर्थातच साठ्यात जाऊ द्यायचा नाही. एकदा मी ते विसरलो होतो.