मेनूचा फोटो, अरबी पाहुणे आणि मिसळपाव: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओमान, येमेन, इराकहून मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांसोबत मी दुभाषी म्हणून काम करते. तपासण्या आटोपल्या की पुढचा प्रश्न जेवणाचा असतो. रोज बिर्याणी खाऊन कंटाळलेली ही माणसं मराठी खानावळीत किंवा मालवणी हॉटेलात यायला खुशीनं तयार होतात, पण तिथला मेनू मराठीत नाहीतर इंग्रजीत. म्हणून गेले काही महिने मी फोनमधलं फोटोवरून भाषांतर करणारं ॲप जवळजवळ रोज वापरतेय. मेनूचा फोटो काढायचा, भाषा अरबी निवडायची, की मूळ अक्षरांच्या जागी अरबी अक्षरं दिसतात.

भात, डाळ, चिकन, ताक यांना काही अडचण येत नाही. बिर्याणी अरबांना माहीत आहे, समोसा त्यांच्याकडे ‘संबूसा’ म्हणून घरोघरी होतो. सुरमईलाही नाव आहे: आखाताकडचे लोक तिला ‘कनअद’ म्हणतात, येमेनचे ‘देरक’. खरी कसोटी लागते ती ज्या पदार्थाला अरबीत शब्दच नाही तिथे. ॲप अशा वेळी दोनच गोष्टी करतं. एक तर नाव जसंच्या तसं अरबी लिपीत उतरवतं, नाहीतर शब्दाचा अर्थ लावायला जातं. कधी काय करेल याचा नेम नाही.

अर्थ लावण्याचा सगळ्यात वाईट नमुना म्हणजे बोंबील. इंग्रजी मेनूवर तो ‘बॉम्बे डक’ असतो. ॲपनं त्याचं بط بومباي केलं, म्हणजे मुंबईचं बदक. इराकहून आलेल्या एका आजींनी बदक म्हणूनच ते मागवायचं ठरवलं होतं. मी तिथे नसते तर ताटात मासा आला असता, आणि पथ्यावर असलेल्या माणसाच्या बाबतीत हे चालण्यासारखं नाही. इथे अरबीत आधी ‘मऊ मासा, तळलेला’ असं लिहायला हवं आणि मग ‘बोम्बील’ हे नाव.

नुसतं लिप्यंतरही पुरत नाही, आणि त्याची कारणं अरबी लिपीतच आहेत. अरबीत ‘प’ नाही, त्याच्या जागी ‘ब’ येतो. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’ नाहीत. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्यानं ओळखायचे असतात. त्यात ॲप मराठी उच्चार न बघता रोमन स्पेलिंगवरून जातं. थालीपीठातला ‘th’ पाहून ते ثاليبيث लिहितं. ث हे अक्षर जीभ दातांमध्ये धरून म्हणतात, त्यामुळे पाहुणे जे म्हणतात ते वेटरच्या कानाला थालीपीठ वाटतच नाही. मी ते बदलून تاليبيت करते. ‘तालीबीत’ ऐकलं की वेटरला लगेच कळतं. म्हणून माझा नियम असा झालाय की लिप्यंतर स्पेलिंगवरून करायचं नाही, नाव मोठ्यानं म्हणून बघायचं आणि जवळात जवळची अक्षरं घ्यायची. ऱ्हस्व स्वरही गरज पडली तर दीर्घ अक्षरानं दाखवायचा, नाहीतर वाचणारा भलताच स्वर घालतो.

याहून फसवे पदार्थ म्हणजे ओळखीचे वाटणारे. येमेनमध्ये ‘बाजिया’ नावाची चवळीची तळलेली भजी असतात. ॲपनं पावभाजीचं باو باجي केलं, तेव्हा येमेनच्या एका काकांना वाटलं पावासोबत भजी येणार. आली बटाटा-टोमॅटोची भाजी, वर लोण्याचा गोळा. काकांनी आवडीनं खाल्ली, पण त्यांना तेलकट-कुरकुरीत काहीतरी हवं होतं. तेव्हापासून पावभाजीखाली मी ‘ठेचलेल्या भाज्या, लोणी, पाव’ हे न चुकता लिहिते. कांदाभजीला मात्र येमेनच्या लोकांसाठी ‘कांद्याची बाजिया’ एवढं पुरतं, वेगळं काही समजवावं लागत नाही.

मग नाव, अर्थ की दोन्ही? माझं उत्तर पाहुण्याला त्या क्षणी काय करायचंय त्यावर ठरतं. काय खायचं हे ठरवताना अर्थ लागतो, आणि वेटरला सांगताना नाव लागतं. मी सोबत असेन तर श्रीखंडाला नुसता अर्थ पुरतो: ‘गोड लबना, वेलची आणि केशर घातलेला’. लबना म्हणजे पाणी निथळून घट्ट केलेलं दही, म्हणजे आपला चक्काच. त्यामुळे इतक्या शब्दांत त्यांना चवसुद्धा समजते. पण ते एकटे जाणार असतील तर दोन्ही हवंच.

मिसळपाव हे त्याचं पूर्ण उदाहरण. ॲपनं दिलं ميسال باف, म्हणजे ‘मीसाल बाफ’. मी फोटोतला मजकूर निवडून फोनच्या टिपणवहीत घेतला आणि तीन ओळी केल्या:

```
मिसळपाव
ميسل باو
بقول منبّتة في مرق فيه فلفل حار، مع خبز
```

पहिली ओळ वेटरसाठी. ॲपमध्ये अरबी मजकूर मूळ नावावर चढतो, त्यामुळे पाहुणा बोट दाखवतो ते वेटरला वाचता येत नाही. दुसरी ओळ म्हणायला. तिसरीचा अर्थ: मोड आलेली कडधान्यं, मिरचीच्या रश्श्यात, पावासोबत. इथे ‘फिलफिल’, म्हणजे मिरची, मुद्दाम लिहिलीय. नुसतं حار लिहिलं तर ते गरमही होतं आणि तिखटही, आणि पाहुण्याला वाटतं वाफाळता रस्सा आहे. ओळी वेगवेगळ्या ठेवणंही गरजेचं आहे. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, तिच्याच ओळीत मराठी नाव आणि किंमत टाकली की आकडे इकडचे तिकडे होतात आणि दीडशेची किंमत शेजारच्या पदार्थाला चिकटलेली दिसते.

अर्थाच्या ओळीत मी तीन गोष्टी पाहते: मुख्य जिन्नस, तळलेलं की रश्श्याचं, आणि तिखट की गोड. यापेक्षा जास्त लिहिलं तर कुणी वाचत नाही. ॲपच्या चौकटीत तर नाव आणि अर्थ दोन्ही कोंबले की अक्षर इतकं बारीक होतं की वयस्कर माणसं फोन बाजूला ठेवतात. म्हणून ॲपकडून मी आता फक्त फोटोतला मजकूर उचलण्याचं काम घेते, आणि तेवढं ते चांगलं करतं. मेनू लॅमिनेट केलेला असेल तर दिव्याची चकाकी टाळून, एका वेळी एकच भाग घेऊन फोटो काढायचा. पूर्ण पानाचा काढला की दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात.

साबुदाण्याच्या खिचडीला तीन गोष्टींचा नियम मोडावा लागतो. आखातात ‘सागो’ म्हणजे केशर-वेलचीचा गोड पदार्थ, त्यामुळे ‘गोड नाही’ हे लिहायला लागतं. आणि त्याहून आधी فول سوداني, शेंगदाणे. रुग्णाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बाकी सगळं वर्णन बिनकामाचं, म्हणून हा शब्द मी ओळीच्या सुरुवातीला, ठळक करून ठेवते.

सोलकढीला मात्र अजून समाधानकारक ओळ सापडलेली नाही. ‘नारळाचं दूध आणि एक आंबट फळ’ एवढंच लिहिता येतं, कारण कोकमाला पाहुण्यांच्या ओळखीचं अरबी नावच नाही. तिथे मी नाव लिहून खाली पेल्याचा फोटो लावलाय, आणि वेटरला आधी अर्धा पेला चाखायला द्यायला सांगते.