परदेशी यंत्र, रुपयातला निधी: महागाई आणि डॉलरसाठी तरतूद करण्याचे चार मार्ग

एका जिल्ह्याच्या गावातला धर्मादाय रुग्णालयाचा ट्रस्ट कर्करोग विभाग उभारायला निघाला आहे असं धरू. पहिल्या वर्षी बांधकाम सुरू होणार, म्हणजे मुख्यतः किरणोत्सर्ग अडवणाऱ्या जाड काँक्रीट भिंतींचा बंकर. वर्षअखेरीस लिनॅकची, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या यंत्राची ऑर्डर जाईल, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी यंत्र येईल आणि तिसऱ्या वर्षी ते सुरू होईल. देणगीदारांना आकडा मात्र आजच सांगायचा आहे, आणि तो रुपयात.

हिशोबाला सोपे जावेत असे आकडे घेतो. यंत्र २० लाख डॉलरचं, आजचा दर ९० रुपये, म्हणजे १८ कोटी. सीमाशुल्क, सेस आणि आयजीएसटी मिळून २० टक्के धरू. प्रत्यक्षात हा दर यंत्राच्या वर्गवारीप्रमाणे बदलतो, तो कस्टम्स एजंटकडून आधी लिहून घ्यावा. रुग्णसेवेवर जीएसटी नसल्याने रुग्णालयाला इथे भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो पूर्ण खर्चच. म्हणजे आणखी ३.६० कोटी. बांधकाम ६ कोटी. आजच्या भावाने एकूण २७.६० कोटी.

पहिला मार्ग: सरसकट १० टक्के

सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात कमी तपासला जाणारा मार्ग. शेवटी ‘आकस्मिक खर्च १० टक्के’ अशी एक ओळ टाकायची: २.७६ कोटी. एकूण ३०.३६ कोटी.

आता काहीही विपरीत घडलं नाही असं समजू. बंकरचा खर्च १५ टक्क्यांनी वाढला, यात नवल काही नाही. ९० लाख गेले. ऑर्डर देईपर्यंत यंत्राची डॉलरमधली किंमत अडीच टक्के वाढली. करासह ५४ लाख गेले. रुपया वर्षाला ३ टक्के घसरला, जसा तो दीर्घकाळात सरासरीने घसरत आलाय. आणखी साधारण सव्वा कोटी. शिल्लक सहा लाख. म्हणजे आकस्मिक म्हणून ठेवलेली रक्कम अपेक्षित गोष्टींतच संपली, आणि खऱ्या धक्क्यासाठी काहीच उरलं नाही. शिवाय मंजुरीच्या बैठकीत कात्री लागते ती याच ओळीला, कारण ती कशासाठी आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा मार्ग: रुपया आणि डॉलर वेगळे काढून वाढवणं

इथे एक चूक इतकी नेहमीची आहे की आधी तीच सांगतो. संपूर्ण अंदाजपत्रकावर वर्षाला ६ टक्के भाववाढ लावायची, आणि आयात यंत्रावर वर आणखी ३ टक्के रुपयाची घसरण. ही दुहेरी मोजणी आहे. परदेशात बनणाऱ्या यंत्राला भारतातल्या भाववाढीशी थेट देणंघेणं नसतं. त्याची किंमत डॉलरमध्ये तिकडच्या खर्चाप्रमाणे वाढते. भारतातली महागाई तिकडच्यापेक्षा जास्त असते आणि दीर्घकाळात रुपया घसरण्याचं ते एक मोठं कारण. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, अमेरिकेच्या फेडचं २ टक्के. तो फरक विनिमय दरातून येतच असतो. म्हणून आयात यंत्राला डॉलरमधली भाववाढ आणि विनिमय दर, तर बांधकाम, पगार आणि इथली वाहतूक यांना भारतीय भाववाढ. एका खर्चाला दोन्ही नकोत.

दुसरी बारीक गोष्ट तारखांची. डॉलरमधली भाववाढ ऑर्डरच्या दिवशी थांबते, कारण करारात किंमत पक्की होते. विनिमय दर मात्र शेवटचा हप्ता देईपर्यंत पाठ सोडत नाही. आपल्या उदाहरणात किंमत बाराव्या महिन्यात २०.५० लाख डॉलरवर पक्की होईल. त्यातले २० टक्के ऑर्डरबरोबर, ७० टक्के चोविसाव्या महिन्यात माल जहाजावर चढल्याच्या कागदपत्रांवर एलसीमधून, म्हणजे बँकेच्या पतपत्रातून, आणि १० टक्के यंत्र सुरू झाल्यावर तिसाव्या महिन्यात. रुपया वर्षाला ३ टक्के उतरेल असं धरलं तर हे दर ९२.७०, ९५.४८ आणि ९६.९० येतात. हप्त्यांची बेरीज १९.४९ कोटी. कर माल येताना पूर्ण किमतीवर: ३.९१ कोटी. बांधकाम ६ टक्के वाढीने ६.३६ कोटी.

| पद्धत | यंत्र व कर | एकूण |
|---|---|---|
| सरसकट १० टक्के | – | ३०.३६ कोटी |
| दुहेरी मोजणी | २५.७५ कोटी | ३२.११ कोटी |
| वेगळे काढून | २३.४० कोटी | २९.७६ कोटी |

शेवटच्या ओळीत अजून धक्क्याची तरतूद नाही, हे लक्षात असू द्या. ३ टक्के ही नुसती सरासरी आहे: २०१४ च्या सुरुवातीला डॉलर ६२ रुपयांच्या आसपास होता आणि २०२४ च्या अखेरीस ८५-८६ च्या, त्यावरून ती निघते. प्रत्यक्षात रुपया सरासरीने चालत नाही. २०१७ मध्ये तो चक्क मजबूत झाला. २०२२ मध्ये जानेवारीतल्या ७४-७५ वरून ऑक्टोबरपर्यंत ८३ ला गेला, आणि २०२३ मध्ये वर्षभर जवळजवळ जागीच राहिला. मे ते ऑगस्ट २०१३ या चार महिन्यांत तर ५५ च्या आसपासवरून ६८ च्या वर गेला होता. तुमचा मोठा हप्ता नेमका अशा महिन्यात येऊ शकतो.

म्हणून ‘एक रुपया हलला तर किती?’ हा आकडा काढून ठेवा. ऑर्डरनंतर १६.४० लाख डॉलर देणं बाकी, शिवाय २०.५० लाख डॉलरवरचा २० टक्के कर, म्हणजे दरावर हलणारे आणखी ४.१० लाख. बेरीज २०.५० लाख. दर एका रुपयाने वर गेला की खर्च साडेवीस लाखांनी वाढतो. दर ९५.४८ ऐवजी १०५ झाला तर १.९५ कोटी. ही रक्कम ‘विनिमय दर राखीव’ अशा स्वतंत्र नावाने ठेवली की एकूण ३१.७१ कोटी होतात. एकूण रक्कम पहिल्या मार्गापेक्षा मोठी, पण तिचं समर्थन विश्वस्तांपुढे एका वाक्यात करता येतं, आणि बंकरच्या सळया त्यातून येणार नाहीत.

तिसरा मार्ग: बँकेकडून फॉरवर्ड

ऑर्डर गेली आणि हप्त्यांच्या तारखा ठरल्या की बँकेशी पुढच्या तारखेचा दर आजच पक्का करता येतो. त्या दिवशीचा दर ९२.७० आणि वर्षाचा प्रीमियम अडीच टक्के असेल तर बारा महिन्यांनंतरचा दर ९५.०२ पडेल. हा प्रीमियम म्हणजे रुपया कुठे जाईल याचं बँकेचं भाकीत नव्हे. मुख्यतः तो रुपया आणि डॉलरच्या व्याजदरांतला फरक असतो. तो काही वर्षी ४-५ टक्के होता, काही वर्षी दोनच्याही खाली, म्हणून जुन्या प्रकल्पातला आकडा उचलू नका.

७० टक्क्यांचा हप्ता, म्हणजे १४.३५ लाख डॉलर, असा बांधला की रुपयामागचा धोका साडेवीस लाखांवरून ६.१५ लाखांवर येतो. १०५ पर्यंतच्या धक्क्यासाठी राखीव ५८-५९ लाख पुरते. पण शून्य होत नाही, आणि ते बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. फॉरवर्डने पुरवठादाराचं बिल झाकलं जातं, कर नाही. कस्टम्स तुमचा फॉरवर्डचा दर विचारत नाही. मूल्य त्या वेळच्या अधिसूचित दरानेच धरलं जातं.

अडचण दुसरीकडूनच येते. बंकरच्या आराखड्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते, मग बांधकाम, आणि जागा तयार नसेल तर यंत्र बोलावून ठेवायचं कुठे? समजा चार महिने उशीर झाला. फॉरवर्डची तारीख मात्र थांबत नाही. जुना करार त्या दिवशीच्या दराने मिटवून नवा करावा लागतो, आणि मधल्या काळात रुपया मजबूत झाला असेल तर फरकाचे पैसे रोख भरावे लागतात. म्हणून बंकरच्या छताचं काँक्रीट पडण्याआधी मोठ्या हप्त्याचा फॉरवर्ड करू नये असं माझं मत आहे. दुसरी अट बँकेची: फॉरवर्डसाठी मर्यादा मंजूर लागते, मार्जिन किंवा मुदत ठेव मागितली जाते. लहान ट्रस्टचं गाडं इथेच अडतं. करन्सी ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या दराने डॉलर घेण्याचा हक्क पण बंधन नाही, हा पर्यायही आहे, पण त्याचं शुल्क आधी आणि परत न मिळणारं, त्यामुळे देणगीवर चालणाऱ्या संस्थेत ते मंजूर करून घेणं अवघड.

चौथा मार्ग: रुपयातली पक्की किंमत

कंपनीची भारतीय शाखा किंवा वितरक रुपयात, करासह, रुग्णालयाच्या दारात पोहोच असा भाव देतो. डॉलरची चिंता त्याची. ती फुकट मात्र नसते. किती किमतीला विकली जातेय ते काढता येतं: त्याच यंत्राचं डॉलरमधलं कोटेशनही मागवा. समजा रुपयातला भाव २४.४० कोटी, इथली वाहतूक आणि क्लिअरिंग वजा जाता. डॉलरमधली किंमत करासह २४.६० लाख. भागाकार ९९.१९. म्हणजे विक्रेत्याने डॉलर ९९ रुपयांच्या वर धरलाय, आणि फॉरवर्ड ९५ ला मिळतोय. डॉलरमागे चार रुपयांच्या वर, एकूण सुमारे एक कोटी, ही त्याने जोखीम घेण्याची किंमत.

मग कोटेशनच्या शेवटच्या पानावरच्या बारीक अटी वाचा. ‘विनिमय दरात अमुक टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडल्यास खरेदीदाराकडून वसूल’ असं वाक्य असेल तर पक्की किंमत हे फक्त नाव आहे: उशी त्यांची आणि धोका तुमचा. ते वाक्य काढून घ्या, नाहीतर डॉलरमध्येच खरेदी करा. कोटेशनची मुदतही पाहा. ९० दिवसांचा भाव बाराव्या महिन्यातल्या ऑर्डरला उपयोगाचा नाही.

सरकारी निधीवरच्या प्रकल्पाला इथे वेगळे नियम आहेत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे, म्हणजे जीएफआर २०१७ प्रमाणे, किंमत बदलण्याचं कलम पुरवठ्याची मुदत १८ महिन्यांपेक्षा जास्त असेल तरच घालता येतं, आणि परकीय चलनाचा भाग असेल तर किंमत काढताना कोणता दर धरला ते करारात लिहावं लागतं. खासगी ट्रस्टनेही ही दुसरी सवय लावून घ्यावी.

कुणी काय निवडावं

अंदाजपत्रक मांडताना दुसरा मार्ग सगळ्यांनाच लागतो, पुढे काहीही निवडलं तरी. ऑर्डरच्या वेळी ज्यांच्याकडे बँकेची मर्यादा आहे आणि बंकर वेळेवर चाललाय त्यांनी ७० टक्क्यांचा फॉरवर्ड करावा, शेवटचे १० टक्के आणि कर राखीवेवर सोडावेत. मर्यादाच नसेल, आणि विक्रेता दरफरकाचं कलम काढायला तयार असेल, तर एक कोटी जास्त देऊनही चौथा मार्ग मला योग्य वाटतो. ३० कोटींच्या कामात दोन कोटींचा खड्डा भरायला देणगीदारांकडे पुन्हा जाणं त्याहून महाग पडतं. बांधकामाच्या तारखाच डळमळीत असतील तर तिसरा मार्ग बाजूला ठेवा आणि पूर्ण १.९५ कोटी राखीव धरा.

राखीव धरल्यावर दोन गोष्टी ठरावात लिहून घ्या. एक, प्रत्येक हप्ता गेला की त्याच्या वाट्याची राखीव मोकळी होईल, ती बांधकामाकडे परस्पर वळणार नाही. दोन, दर कुठे पोहोचला की बैठक बोलवायची: आपल्या उदाहरणात ९८ ला, म्हणजे राखीवेतले सुमारे ५० लाख गेलेले असताना. ऑर्डरमध्ये काही सुटे भाग आणि सॉफ्टवेअर ‘पर्यायी’ म्हणून वेगळ्या भावाने मांडून घेतले असतील, तर त्या बैठकीत काय गाळायचं याची यादी हातात असते.