रजेच्या अर्जातील कारण : मोघम खरे की रचलेले?

समजा, एका कर्मचाऱ्याला सोमवारी दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला जायचे आहे. त्याच्यापुढे दोन वाक्ये आहेत : ‘वैयक्तिक कामासाठी एक दिवसाची नैमित्तिक रजा मिळावी’ किंवा ‘डेंग्यू झाला आहे’.

डेंग्यूचे कारण ऐकताना भक्कम वाटते, पण खरी अडचण त्याच्या तपशिलातच आहे. प्लेटलेट्स किती आल्या, कोणत्या डॉक्टरांकडे दाखवले, हे प्रश्न सहकारी निव्वळ काळजीपोटी विचारतात आणि प्रत्येक उत्तरागणिक लक्षात ठेवायची एक नवी गोष्ट तयार होते. शिवाय डेंग्यूचा माणूस मंगळवारी ताजातवाना कामावर येत नाही; म्हणजे एका दिवसाच्या गरजेसाठी आठवडाभराचे आजारपण वठवावे लागते, आणि आजारपणाची रजा लांबली की वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते. तेही बनावट दिले, तर साधी थाप शिस्तभंगाचे प्रकरण होते.

‘वैयक्तिक काम’ या शब्दांत पडताळण्याजोगे काहीच नसते. साहेबांनी खोदून विचारलेच, तर ‘जरा खासगी आहे, पण सोमवारचा अहवाल शुक्रवारीच देऊन जातो’ एवढे पुरते, कारण बहुतेक वेळा त्यांना कारणापेक्षा कामाची चिंता असते. मोघमपणा मात्र खराच हवा. ‘घरगुती अडचण’ लिहिले, तर ती पुन्हा थापच ठरते. रजा लांब किंवा वारंवार हवी असेल, तर ‘वैयक्तिक काम’ हे दोन शब्द पुरत नाहीत. तेथे आवश्यक तेवढे खरे कारण सांगावेच लागते.