हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरून औषधांची टाइप केलेली यादी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आईला संधिवात, थायरॉइड आणि रक्तदाब आहे. तिघे डॉक्टर, तीन तऱ्हेचं अक्षर. गेले काही महिने मी लालबागच्या घरी प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून मजकूर ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकते आणि त्यावरून तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत यादी टाइप करते. छापील लेटरहेड ॲप अचूक वाचतं. हाताने लिहिलेल्या ओळी मात्र कच्चा मसुदा म्हणूनच घ्याव्या लागतात.

त्यासाठी यादीत औषध, एमजी, वेळ आणि दिवस यांच्या पुढे ‘शंका’ असा रकाना ठेवलाय. जो आकडा नीट लागत नाही, तिथे अंदाजाने काही भरत नाही. चौकट रिकामी आणि पिवळी ठेवते, शेजारी चिठ्ठीत जे दिसतं ते तसंच लिहिते.

याचा सगळ्यात मोठा उपयोग मेथोट्रेक्सेटच्या वेळी झाला. ॲपने `7.5 mg OD` वाचलं, म्हणजे रोज एकदा. पण संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच देतात. चुकून रोज घेतलं तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेतू शकतं. फोटो मोठा करून पाहिला, तर `O` नंतर तिरकी रेघ होती. `O/W` असावं, म्हणजे आठवड्याला एकदा. ओळीच्या शेवटी 4 गोळ्या लिहिल्या होत्या आणि पुढची भेट चार आठवड्यांनी होती. रोजची गोळी असती तर 28 लागल्या असत्या. हिशेब जुळला, तरी डॉक्टरांना फोन केलाच. त्यांनी बुधवार सांगितला. आता यादीत ‘फक्त बुधवारी रात्री 1 गोळी, इतर दिवशी नाही’ असं ठळक आहे.

गोळ्यांची संख्या आणि दिवस ताडून पाहायची ही सवय मला फार कामाची वाटते. अक्षर लागलं नाही तरी संख्या बरंच सांगून जाते.

थायरॉइडच्या गोळीत वेगळाच घोळ झाला. `50 mcg` चं ॲपने `50 mg` केलं, म्हणजे हजारपट. डोसच्या आकड्याआधी नुसता टिंब असेल, म्हणजे `.5`, तर टिंब गळून थेट 5 होतो. म्हणून दशांशाची प्रत्येक ओळ मी आपोआप शंकेत टाकते, आणि खुलासा झाला की `0.5` असं शून्यासह लिहिते.

खरी अडचण औषधाच्या नावाची आहे. ॲप कधी कधी एका औषधाचं नाव दुसऱ्याच खऱ्या औषधाचं म्हणून वाचतं. ते इतकं नीटनेटकं दिसतं की शंका येतच नाही. त्यावर एकच उपाय मला सापडला: केमिस्टने दिलेली स्ट्रिप आणि मूळ चिठ्ठी समोर ठेवून घटकाचं नाव जुळवायचं आणि हे औषध आईच्या कोणत्या आजाराचं ते विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत ती ओळ पिवळीच राहते.