मुदतवाढ आणि अभिप्राय: एक मेल की दोन?

गाइडकडे मुदत वाढवून मागायची आहे आणि अर्धा झालेला मसुदाही वाचून घ्यायचा आहे. बरेच जण आधी मुदतीचा मेल टाकतात, ती मिळाली की मसुदा पाठवतात. यात संकोच कमी वाटतो, पण हिशेब चुकतो, कारण गाइडच्या वाचनाचे दिवस वाढीव मुदतीत धरलेलेच नसतात.

समजा, कालिन्याला एमए करणाऱ्या विद्यार्थिनीला गिरणगावातल्या चाळींवरचा प्रकल्प शुक्रवारी 14 फेब्रुवारीला मॅडमना द्यायचा आहे. 15 पैकी 12 मुलाखती झाल्यात, तिसरं प्रकरण 18 पानं झालंय. वेगळ्या मेलने तिने आठवडा मागितला आणि मसुदा 17 तारखेला पाठवला, तर 19ला शिवजयंतीची सुट्टी. शेरे 20ला आले की दुरुस्तीला एकच दिवस उरतो.

तेच सोमवारी 10 तारखेला एका मेलमध्ये असं मागता येतं:

विषय: प्रकल्प – 24 फेब्रुवारीपर्यंत मुदतवाढीची विनंती, प्रकरण 3 सोबत

आदरणीय मॅडम,
तीन मुलाखती राहिल्यामुळे प्रकल्प 14 तारखेला पूर्ण होणार नाही. सोमवार, 24 फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. प्रकरण 3 (18 पाने) सोबत जोडले आहे. शेवटचा भाग अपूर्ण आहे. सवडीने दोन गोष्टी पाहाल का? पान 6 वरील वर्गीकरण टिकते का, आणि पान 11 ते 14 मधील उतारे फार लांब झाले आहेत का? 20 तारखेपर्यंत कळल्यास दुरुस्तीला तीन दिवस मिळतील.
आपली विद्यार्थिनी

कारण एका वाक्यात संपलं, हे बरं. घरचं आजारपण, लोकल, लॅपटॉप असं सगळं एकत्र आलं की खरं कारणही बहाणा वाटतं. ‘कसं वाटतंय ते सांगा’ असं मोघम विचारलं तर उत्तरही ‘ठीक आहे, पुढे लिहा’ एवढंच येतं. मसुदा वर्ड फाइलमध्येच द्यावा, शेरे समासात लिहिणं सोपं जातं. ड्राइव्हची लिंक देणार असाल तर परवानगी Commenter ठेवा. नाहीतर मॅडमना आधी प्रवेशाची विनंती करावी लागते आणि त्यातच एक दिवस जातो.

दोन मेल कधी बरे? मुदत गाइडच्या हातात नसते तेव्हा. गाइडने स्वतः दिलेली तारीख त्या बदलू शकतात, विभागाची किंवा विद्यापीठाची नाही. तिथे मुदतीचा मेल विभागप्रमुखांकडे पुढे जाणार असतो आणि त्याला कच्चं प्रकरण चिकटलेलं कुणालाच नको असतं. अशा वेळी मसुद्याचा मेल त्याच दिवशी गाइडना वेगळा पाठवा, मंजुरीची वाट बघू नका.